उन्हाने वाकलेली तुळई आणि वाकू न दिलेली तुळई

मे महिन्यात दुपारी दोन-तीनच्या सुमारास उड्डाणपुलाच्या डांबरावर तळहात टेकवता येत नाही. त्याच वेळी पुलाखाली, गर्डरच्या पोटाशी, सावली असते आणि तिथे रिक्षावाले विसावलेले असतात. काँक्रीटमधून उष्णता फार सावकाश आत शिरते, त्यामुळे माथा तापून निघाला तरी पोटाला अजून त्याचा पत्ता नसतो. एकाच तुळईचे वरचे अंग दुपारच्या तापमानाला असते आणि खालचे जवळपास सकाळच्याच.

तापल्यावर पूल लांबतो हे बहुतेकांना ठाऊक असते. गाडी सांध्यावरून जाताना होणारा धडधड आवाज त्या लांबण्यासाठी ठेवलेल्या फटींचाच. पण माथा आणि पोट वेगवेगळ्या प्रमाणात लांबले तर तुळई नुसती लांबत नाही, वाकते. इस्त्रीच्या थर्मोस्टॅटमधली दोन धातूंची पट्टी वाकते तशीच. तिथे तापमान एक आणि धातू दोन असतात, इथे काँक्रीट एकच आणि तापमाने दोन.

हे वाकणे किती, ते एका सोप्या तुळईवर पाहू. तिची लांबी २० मीटर, खोली १ मीटर, रुंदी अर्धा मीटर. दोन्ही टोके बेअरिंगवर नुसती टेकलेली. माथा पोटापेक्षा १० अंशांनी गरम आहे आणि मधल्या खोलीत तापमान सरळ रेषेत उतरत जाते, असे धरू. काँक्रीट एक अंशाला आपल्या लांबीच्या दशलक्षांश १२ भागांनी वाढते. म्हणजे पोटाच्या तुलनेत माथा २.४ मिलिमीटरने जास्त लांबेल. १ मीटर खोलीत एवढा फरक सामावायचा तर तुळईला सुमारे ८.३ किलोमीटर त्रिज्येच्या वर्तुळाचा आकार घ्यावा लागतो. या त्रिज्येचा व्यस्त म्हणजेच वक्रता. ती काढायची रीत अगदी सरळ आहे: प्रसरण गुणांक गुणिले तापमानातला फरक, भागिले खोली. इतक्या वक्रतेने २० मीटरच्या तुळईचा मध्य ६ मिलिमीटर वर उचलला जातो.

एवढे होऊनही या तुळईत या तापमानामुळे ताण येत नाही. टोके फिरायला मोकळी आहेत, मध्य उचलला जायला मोकळा आहे. काँक्रीटच्या प्रत्येक थराला जितके लांबायचे होते तितके तो लांबला, कोणी अडवले नाही. वाकलेली वस्तू ताणाखालीच असणार, ही आपली रोजची समजूत इथे लागू पडत नाही.

आता तीच तुळई दोन्ही टोकांना इतकी घट्ट जखडा की टोके तसूभरही फिरू नयेत. ऊन तेच, फरक १० अंशांचाच. तुळई आता जराही वाकत नाही, खालून पाहणाऱ्याला ती सरळच दिसते. पण तिला सरळ ठेवण्यासाठी टोकांवरचे आधार तिला सतत उलट दिशेने पिळत असतात. त्या पिळाला प्रतिबंध मोमेंट म्हणता येईल. त्याचे मान म्हणजे वक्रता गुणिले तुळईचा वाकण्याला होणारा विरोध:

M = E × I × α × ΔT / h

काँक्रीटचा स्थितिस्थापकता गुणांक, म्हणजे E, ३० गिगापास्कल धरला तर आपल्या तुळईसाठी हे मान १५० किलोन्यूटन-मीटर येते. दहा मीटर लांबीच्या दांड्याच्या टोकाला दीड टन लटकवल्यावर त्याच्या मुळाशी जेवढा जोर येईल, साधारण तेवढे. तुळईला स्वतःहून माथा फुगवून कमान करायची होती, म्हणून तिला सरळ करणारा हा मोमेंट माथ्यावर दाब आणतो आणि पोटात ओढ. ही ओढ भरते १.८ मेगापास्कल. गंमत म्हणजे सूत्रात लांबी कुठेच नाही. तुळई ५ मीटरची असो वा ५० मीटरची, दोन्ही टोके जखडली की मोमेंट तोच.

पुलावर अशी पक्की जखडलेली टोके सहसा नसतात. प्रत्यक्षात भेटते ती सलग तुळई: २० मीटरचे दोन गाळे, मध्ये एक खांब, आणि खांबावरून न तुटता गेलेला गर्डर. मधला खांब क्षणभर नाही असे समजा. मग ४० मीटरची तुळई त्या खांबाच्या जागी २४ मिलिमीटर वर उचलली जाईल. ती उचलली जात नाही, कारण तिचे स्वतःचे वजन तिला बेअरिंगवर दाबून ठेवते. हिशेब केला तर तिला खाली धरायला २२.५ किलोन्यूटनचा जोर लागतो, आणि खांबावर त्यातून २२५ किलोन्यूटन-मीटरचा मोमेंट उभा राहतो. जखडलेल्या तुळईच्या तो दीडपट आहे. खांबावर पोटातली ओढ २.७ मेगापास्कल होते. एम३० काँक्रीटची सरासरी ओढ-ताकद आयआरसी:११२ या संहितेत २.५ मेगापास्कल दिली आहे, म्हणजे नुसत्या उन्हाने ती ओलांडली.

हा जोर कुणी बाहेरून आणून ठेवलेला नाही. मधल्या बेअरिंगवरचा भार २२.५ किलोन्यूटनने कमी होतो आणि टोकांच्या बेअरिंगवर मिळून तेवढाच वाढतो. पुलाचे वजन किलोभरही बदललेले नाही, ते फक्त या खांबावरून त्या खांबावर सरकले आहे.

मग सगळे सलग पूल दर उन्हाळ्यात तडकत का नाहीत? साध्या तुळईत वजनामुळे खांबावर बरोबर उलटी स्थिती असते. वजनाने तिथे माथ्यात ओढ आणि पोटात दाब येतो. आपल्या तुळईत स्ववजनाचा हा दाब ७.५ मेगापास्कल आहे. दुपारचे ऊन त्यातले २.७ खाते आणि तरी दाब शिल्लक राहतो. गाळ्याच्या मधल्या भागात मात्र ऊन आणि वजन एकाच बाजूने ओढतात: वजनाचा मोमेंट जिथे सर्वाधिक, तिथे तो ३५२ किलोन्यूटन-मीटर आहे आणि उन्हाचे ८४ त्यात मिळतात. जवळपास चौथा हिस्सा वाढला.

खरी फसगत प्रीस्ट्रेस्ड काँक्रीटमध्ये होते. तिथे केबल अशा वळणाने नेतात की वजनाचा मोमेंट जवळपास पुसला जावा. हिशेबाच्या दृष्टीने ही कलाकुसर सुंदर आहे, पण तिच्यामुळे खांबावरच्या पोटात वजनाने साठलेला दाबही पुसला जातो आणि नेमक्या त्याच जागी ऊन ओढ आणते. तिथे साध्या सळ्याही थोड्याच असतात, कारण डिझाइनरच्या नकाशावर त्या जागी ओढ नव्हतीच. जर्मनीतल्या याग्स्ट नदीवरच्या पुलाला असे तडे गेल्यानंतर फ्रिट्झ लिओनहार्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६५ साली तापमानातले फरक प्रीस्ट्रेस्ड पुलांना कसे धोक्यात आणतात यावर लेख लिहिला. त्याच दशकात ऑकलंडमध्ये उभ्या राहिलेल्या न्यूमार्केट व्हायाडक्टलाही उन्हाने तडे दिले. पुढे न्यूझीलंडमध्ये नायजेल प्रीस्टली यांनी या विषयावर मूलभूत काम केले.

तडे गेले म्हटल्यावर पहिला विचार येतो तो गर्डर आणखी दणकट करण्याचा. इथे तो उपयोगाचा नाही. वरच्या सूत्रात I, म्हणजे तुळईच्या छेदाचा दणकटपणा, स्वतःच बसला आहे. खोली दुप्पट करा. तापमानाचा फरक तोच राहिला तर मोमेंट चौपट होतो, आणि ओढ होती तेवढीच राहते. वाहनांचा भार ठरलेला असतो, म्हणून दणकट तुळई त्याला सहज झेलते. ऊन मात्र ठरावीक भार घालत नाही, ठरावीक वाकणे मागते. जो जास्त अडवेल त्याला जास्त मोजावे लागते. उलट बाजूने हीच गोष्ट दिलासा देते: तडा पडला की तुळई मवाळ होते, I घटतो आणि मोमेंटही ओसरतो. म्हणून उन्हाच्या तड्याने पूल सहसा कोसळत नाही. पण पुरेशा सळ्या नसतील तर सगळे वाकणे एकाच रुंद तड्यात गोळा होते, पाणी आत जाते आणि केबल गंजायला लागते. सळ्या असतील तर तेच वाकणे अनेक केसासारख्या भेगांत वाटले जाते. माझ्या मते या प्रकरणात सळ्यांचे खरे काम ताकद देणे नसून तडे वाटून देणे हे आहे.

सरळ रेषेत उतरणारे तापमान ही माझी सोय होती. प्रत्यक्षात उष्णता वरच्या दीड-दोन वीतभर थरातच अडकते. प्रीस्टलींच्या कामातून आलेल्या न्यूझीलंडच्या नियमात हा उतार पाचव्या घाताचा आहे, म्हणजे माथ्याशी एकदम तीव्र आणि खाली लगेच सपाट. आपल्या आयआरसी:६ संहितेत तो तुटक रेषांनी दाखवला आहे: काँक्रीटच्या डेकला माथ्यावर १७.८ अंश, १५० मिलिमीटर खाली ४ अंश, मग शून्य, आणि तळाशी पुन्हा २.१. आपल्या १ मीटरच्या तुळईला हा आलेख लावून वक्रता काढली तर ती सरळ रेषेतल्या ९.४ अंशांच्या फरकाएवढी भरते. माझे १० अंश हवेतले नव्हते, एवढे यातून दिसते.

वाकड्या आलेखाने आणखी एक भानगड होते. मोकळ्या टोकांची तुळईसुद्धा आता पूर्ण सुटत नाही. तिचा छेद वाकल्यावरही सपाटच राहतो, पण तापमान सरळ रेषेत नाही, म्हणून थर एकमेकांना अडवतात. आपल्या उदाहरणात माथ्यावर जवळपास ४ मेगापास्कल दाब येतो आणि मधल्या भागात १ मेगापास्कलहून थोडी जास्त ओढ. या ताणांची बेरीज शून्य असते, बेअरिंगला त्यांचा पत्ताही लागत नाही.

तडा उन्हाचा आहे की भाराचा, हे ओळखायला घड्याळ पुरते. पोटातल्या तड्यावर मापकपट्टी चिकटवून पहाटे आणि दुपारी वाचन घ्यायचे, वाहतूक दोन्ही वेळी बंद ठेवून. दुपारी उघडून रात्री मिटणारा तडा उन्हाचा. डांबर आणि काँक्रीट यांच्या तापमानांची नोंद सोबत असेल तर शंका उरत नाही. दोन्ही बाजूंनी हात पसरत पुढे सरकणाऱ्या कँटिलिव्हर पुलांवर सर्व्हेअर पातळी पहाटेच घेतात, तेही याच कारणाने. दुपारी सांगाड्याचे टोक उन्हाने खाली झुकलेले असते आणि ती पातळी खरी मानून पुढचा तुकडा ओतला तर चूक कायमची बसते. आणि रात्री डेक आकाशाकडे उष्णता सोडून पोटापेक्षा थंड होतो तेव्हा सगळी चिन्हे उलटतात, म्हणून संहितेत त्याचा वेगळा आलेख आहे.

उपाय म्हणावा तर अडवणूक कमी करणे. आपल्याकडचे बरेच उड्डाणपूल प्रत्येक खांबावर तुटक गाळ्यांचे आहेत. त्यांना हा मोमेंट जवळजवळ नसतो, त्याची किंमत गळणाऱ्या सांध्यांनी आणि झिजणाऱ्या बेअरिंगनी चुकती होते. मधला मार्ग म्हणजे गर्डर तुटक ठेवून खांबावर फक्त डेकचा पातळ स्लॅब सलग न्यायचा. गर्डरची टोके फिरतात आणि तो स्लॅब त्यांच्याबरोबर वाकतो. पातळ असल्यामुळे त्याचा I इतका लहान असतो की त्याला वाकवायला फारसा मोमेंट लागत नाही.