छोट्या शूटिंगचा विमा : नुकसान नेमके कोणाचे?

शूटिंगसाठी काढला जाणारा निर्मिती विमा बाहेरून एकच पॉलिसी दिसतो, पण आत तो वेगवेगळ्या कलमांची जोडणी असतो. नुकसान कोणाचे झाले यावर कोणते कलम लागू होणार हे ठरते. निर्मात्याच्या ताब्यातले सामान हा एक भाग, बाहेरच्या माणसाला झालेली इजा किंवा त्याच्या मालमत्तेचे नुकसान हा दुसरा, आणि युनिटमधली माणसे हा तिसरा. एका भागाची रक्कम दुसऱ्या भागाला लावता येत नाही. मोठ्या चित्रपटाच्या पॉलिसीत कलाकाराचे आजारपण, सेट, रद्द झालेले दिवस असे बरेच काही येते. दोन-तीन दिवसांच्या शूटिंगला हे तीनच भाग नीट बसवले तरी पुरते.

समजा, वाईजवळच्या एका जुन्या वाड्यात दोन दिवसांचे लघुपटाचे शूटिंग आहे. कॅमेरा, लेन्सचा संच आणि दिवे मुंबईहून भाड्याने आणायचे आहेत आणि त्यांची बाजारातली किंमत ४० लाख रुपये आहे. नव्या निर्मात्याचा पहिला गैरसमज इथेच होतो. सामान भाड्याचे आहे, तेव्हा मालकाने विमा काढलाच असेल, असे तो धरून चालतो. मालकाने तो काढलेला असतोही, पण तो मालकाच्या संरक्षणासाठी असतो. सामानाबरोबर जे चलन येते त्यावर बहुधा छापलेले असते की सामान गोदामातून निघाल्यापासून परत पोचेपर्यंत जबाबदारी भाडेकरूची. शिवाय मालकाला भरपाई दिल्यावर त्याची विमा कंपनी त्याच्या जागी उभी राहून, ज्याच्या हातून नुकसान झाले त्याच्याकडून ती रक्कम वसूल करू शकते. म्हणून निर्मात्याच्या स्वतःच्या पॉलिसीत ‘भाड्याने घेतलेले सामान’ स्पष्ट लिहिलेले असावे लागते, आणि चलनावरचे सिरीयल नंबर पॉलिसीच्या यादीशी एकेक करून ताडून पाहावे लागतात. ऐनवेळी बदलून आलेली लेन्स यादीत नसेल, तर ती विम्यात नाही असेच समजावे.

दुसरी चूक रकमेची. प्रीमियम वाचवण्यासाठी ४० लाखांच्या सामानाचा विमा ३० लाखांचाच काढला जातो. सगळे सामान एकदम थोडेच फुटणार, असा हिशेब असतो. पण अशा पॉलिसीत सहसा प्रमाणशीर भरपाईचे कलम असते. वाड्याच्या दगडी पायरीवरून एक लेन्स पडली आणि दुरुस्तीचे बिल २ लाख आले, तर विमा खऱ्या किमतीच्या तीन चतुर्थांशच असल्याने भरपाईही तेवढीच, म्हणजे दीड लाख धरली जाईल. त्यातून निर्मात्याने स्वतः सोसायची ठरलेली रक्कम, समजा २५ हजार, वजा होईल. हाती येतील १ लाख २५ हजार. लेन्स पंधरा दिवस दुरुस्तीत राहिली आणि मालकाने रोजचे चार हजार भाडे बुडाल्याचे ६० हजार मागितले, तर तेही अंगावर पडतील. बुडालेल्या भाड्याचे कलम वेगळे मागून घ्यावे लागते. अशा रीतीने विमा असूनही एका लेन्सपायी १ लाख ३५ हजार खिशातून जातात.

चोरीच्या बाबतीत कलमे आणखी काटेकोर असतात. रात्री सामान टेम्पोत ठेवून सगळे जेवायला गेले आणि मागे कोणीच नव्हते, तर दावा फेटाळला जाण्याची दाट शक्यता असते. कुलूप तोडल्याची खूण नसेल, किंवा शूटिंग आवरताना एक बॅग कमी भरली आणि ती कुठे गेली हे कोणालाच सांगता आले नाही, तर तेही बहुतेक पॉलिसींत बसत नाही. विम्याची तारीखही पाहावी. शूटिंग शनिवारी असले तरी सामान शुक्रवारीच मुंबईहून निघते आणि सोमवारी परत जाते. पॉलिसी शनिवार-रविवारपुरती असेल, तर दोन्ही बाजूंचा प्रवास उघडा राहतो. चित्रीकरणाचे कार्ड खराब झाले तर सामानाच्या विम्यातून कार्डाची किंमत मिळेल, त्यातले दृश्य पुन्हा घेण्याचा खर्च मिळणार नाही. त्यासाठी वेगळे संरक्षण असते, आणि ते नसेल तर कार्ड रिकामे करण्याआधी दोन ठिकाणी प्रत काढणे एवढाच उपाय उरतो.

बाहेरच्यांच्या नुकसानीसाठी सार्वजनिक दायित्वाचा विमा असतो. दिव्याचा स्टँड कलंडून रस्त्याने जाणाऱ्याला लागला किंवा शेजाऱ्याच्या गाडीची काच फुटली, तर तो कामी येतो. पण वाड्याचाच कोरीव खांब जनरेटरची केबल ओढताना फुटला, तर? सर्वांत जास्त निर्माते इथेच फसतात. साधारण दायित्व विम्यात ‘विमेदाराच्या ताब्यातली मालमत्ता’ वगळलेली असते, आणि भाड्याने घेतलेला वाडा त्या दोन दिवसांत निर्मात्याच्याच ताब्यात असतो. लोकेशनच्या नुकसानीचे कलम जोडून घेतले नसेल, तर मालकाशी झालेल्या करारातली भरपाई निर्मात्यालाच द्यावी लागते. जुन्या वाड्यांत, जिथे तुटलेली वस्तू तशीच्या तशी परत घडवता येत नाही, तिथे ही उणीव फार महाग पडते.

स्टँड लाइटबॉयच्याच पायावर पडला, तर दायित्व विमा उपयोगी नाही, कारण तो ‘बाहेरचा’ धरला जात नाही. कामावर इजा झाली तर भरपाई मालकाने द्यावी, हे तत्त्व आपल्याकडे १९२३ च्या कायद्यापासून आहे. माणूस दिवेवाल्या कंत्राटदाराकडून आला असला, तरी धंद्याचेच काम करून घेणाऱ्याकडे ती मागता येते आणि त्याने ती नंतर कंत्राटदाराकडून वसूल करायची असते. म्हणून कर्मचारी भरपाईच्या पॉलिसीत कंत्राटी माणसे धरली आहेत का, हे विचारून घ्यावे. पैसे न घेता मदतीला आलेले मित्र आणि विद्यार्थी यांपैकी कशातच बसत नाहीत. त्यांच्यासाठी निदान वैयक्तिक अपघात विमा घेणे हे निर्मात्याचे कर्तव्यच आहे.

ड्रोनचा विचार वेगळा करावा लागतो. २०२१ च्या ड्रोन नियमांनुसार २५० ग्रॅमपर्यंतचे नॅनो ड्रोन वगळता इतरांना त्रयस्थ पक्षाचा विमा लागतो. उडत्या ड्रोनचे नुकसान सामानाच्या पॉलिसीतून अनेकदा वगळलेले असते, त्यामुळे ड्रोनवाल्याकडून दोन्ही कागद आधी पाहून घ्यावेत.

१९३८ च्या विमा कायद्यातील ६४ व्हीबी कलमाप्रमाणे प्रीमियम भरल्याशिवाय जोखीम सुरू होत नाही, तेव्हा कोटेशन हातात असणे म्हणजे विमा असणे नव्हे. अपघात झाल्यावर त्याच दिवशी कंपनीला लेखी कळवावे आणि चोरी असेल तर पोलिसांत तक्रार नोंदवावी. फुटलेली लेन्स सर्व्हेअरने पाहण्याआधी दुरुस्तीला पाठवू नये; नेमकी हीच घाई होते, कारण मालकाला ती पुढच्या शूटिंगला हवी असते. जागच्या जागी काढलेले फोटो, चलन, दुरुस्तीचा अंदाज आणि त्या वेळी सामान कोणाच्या हातात होते याची नोंद, एवढे कागद सर्व्हेअर मागतो. सामान उतरवताना प्रत्येक पेटीचा फोटो काढलेला असेल, तर ओरखडा आधीचा की आताचा हा वादही उरत नाही.