चौतीस टक्के कुणाचे, सेहेचाळीस टक्के कशाचे?

प्रबंध सादर करायच्या महिन्यात पीएच.डी.च्या विद्यार्थ्याचा जीव टांगणीला लागतो तो ग्रंथालयातून येणाऱ्या रिपोर्टसाठी. काही वर्षांपूर्वीपर्यंत या रिपोर्टवर एकच आकडा असायचा, सिमिलॅरिटीचा, म्हणजे मजकुराच्या साम्याचा. एप्रिल २०२३मध्ये टर्निटिन या कंपनीने त्याच्या शेजारी दुसरा आकडा द्यायला सुरुवात केली: मजकुराचा किती भाग यंत्राने लिहिलेला वाटतो, याचा. इतर कंपन्यांनीही तशीच सोय केली. दोन्ही आकडे टक्क्यांत असतात आणि एकाच पडद्यावर दिसतात. त्यामुळे वाचणारा ते एकाच जातीचे समजतो, आणि नुकसान इथूनच सुरू होतं.

एक काल्पनिक पण रोजच्या व्यवहारातलं उदाहरण घेऊ. लासलगावच्या कांदा बाजारावर इंग्रजीत लिहिलेला अर्थशास्त्राचा प्रबंध, आणि त्यातलं दहा हजार शब्दांचं एक प्रकरण. रिपोर्ट आला: साम्य ३४ टक्के. एआयच्या जागी आकडा नाही, नुसतं `*%` हे चिन्ह. विद्यार्थिनीच्या पोटात गोळा येतो, कारण यूजीसीच्या २०१८च्या नियमावलीतला दहा टक्क्यांचा आकडा तिला पाठ आहे. दहापर्यंत शिक्षा नाही. दहाच्या वर चाळीसपर्यंत असेल तर सहा महिन्यांच्या आत दुरुस्त करून पुन्हा सादर करायचं. चाळीस ते साठमध्ये वर्षभर बंदी आणि साठच्या वर नोंदणीच रद्द.

पण ३४ म्हणजे काय? साम्य शोधणारं सॉफ्टवेअर मजकुराचे छोटे छोटे शब्दगट करतं आणि ते आपल्या साठ्याशी ताडून पाहतं. या साठ्यात संकेतस्थळं असतात, नियतकालिकं असतात, इतर विद्यार्थ्यांनी पूर्वी जमा केलेलं लेखन असतं. जे शब्द जुळले त्यांची बेरीज करून एकूण शब्दांनी भागलं की टक्केवारी निघते. चोरी झाली की नाही हे त्या यंत्राला ठाऊक नसतं. हे शब्द याच क्रमाने आणखी कुठे आहेत का, एवढंच ते सांगतं. मात्र ते जे सांगतं त्याचा पत्ताही देतं. रंगवलेल्या ओळीवर क्लिक केलं की मूळ मजकूर शेजारी उघडतो आणि आपल्या डोळ्यांनी पडताळता येतो.

आपल्या प्रकरणातले जुळलेले ३,४०० शब्द असे उघडून पाहिले तर ११०० शब्द संदर्भसूचीचे निघतात. एकाच विषयावर काम करणाऱ्या दोघांची सूची जुळणारच. ६०० शब्द १९६३च्या महाराष्ट्र कृषी उत्पन्न पणन कायद्यातली कलमं आहेत, अवतरणचिन्हांत आणि संदर्भासह. ९०० शब्द विद्यार्थिनीच्या स्वतःच्या, आधी छापून आलेल्या शोधनिबंधातले. त्याचा उल्लेख करून आणि गाइडचं प्रमाणपत्र जोडून तो भाग वगळायची सोय अनेक विद्यापीठांत असते. ५०० शब्द म्हणजे नमुना कसा निवडला, प्रश्नावली कशी भरून घेतली अशा ठरीव वाक्यांचे तुकडे. यूजीसीचे नियम सूची आणि संदर्भासह दिलेली अवतरणं मोजू नका म्हणतात, आणि सलग चौदा शब्दांपर्यंतचं योगायोगाचं साम्यही सोडून द्या म्हणतात. पण ही गाळणी आपोआप लागत नाही. रिपोर्ट काढणाऱ्याने सेटिंगमध्ये जाऊन सूची आणि अवतरणं वगळायची असतात, चौदा शब्दांची मर्यादा भरायची असते. ती भरलेली नाही हे रिपोर्टवरूनच कळतं, कारण काय वगळलं याची नोंद त्यात असते. आकड्याआधी ही नोंद वाचावी.

सगळं गाळून उरले ३०० शब्द, म्हणजे ढोबळ मानाने तीन टक्के. शून्य पातळी, शिक्षा नाही. पण ते ३०० शब्द सलग आहेत, शोधगंगेवरच्या दुसऱ्या एका प्रबंधातले आहेत, संदर्भाविना आहेत आणि निष्कर्षाच्या भागात आहेत. गृहीतक, निरीक्षणं, निष्कर्ष, शिफारशी या गाभ्याच्या भागांत साम्य नकोच, असं हीच नियमावली सांगते. म्हणजे चौतीसपैकी एकतीस टक्क्यांत काळजीचं काही नव्हतं आणि ज्या तीन टक्क्यांकडे कुणी ढुंकूनही पाहिलं नसतं तिथेच खरी गडबड होती. तो एक परिच्छेद स्वतःच्या माहितीवरून नव्याने लिहिला असता तर काम संपलं असतं.

प्रत्यक्षात होतं ते वेगळंच. रिपोर्टवरचा लाल-पिवळा रंग पाहून विद्यार्थी घाबरतात आणि ‘साम्य कमी करून देतो’ म्हणणारे त्यांना गाठतात. आपल्या विद्यार्थिनीनेही अख्खं प्रकरण एका चॅटबॉटमध्ये टाकून ‘हे वेगळ्या शब्दांत लिहून दे’ म्हटलं. दुसरा रिपोर्ट आला: साम्य ३, एआय ४६.

आता हा दुसरा आकडा. इथे कुठलाही साठा नाही, ताडून पाहणं नाही. यंत्राला माणसाचं आणि भाषा-मॉडेलचं भरपूर लेखन दाखवून दोन्हींच्या शब्दनिवडीतला फरक शिकवलेला असतो. भाषा-मॉडेल पुढचा शब्द निवडताना बहुधा संभाव्य शब्दाकडे झुकतं. माणूस अधूनमधून अनपेक्षित शब्द वापरतो, एखादं वाक्य लांबवतो, पुढचं दोन शब्दांत संपवतो. टर्निटिन मजकुराचे काहीशे शब्दांचे, एकमेकांवर चढलेले तुकडे करतं, त्यातल्या प्रत्येक वाक्याला शून्य ते एकमधला गुण देतं आणि त्यावरून टक्केवारी काढतं. म्हणजे हा अंदाज आहे. रंगवलेल्या ओळीवर क्लिक केलं तरी मागे काही उघडत नाही, कारण उघडायला मूळ असं काही नसतंच. पहिल्या आकड्याचा पुरावा तपासता येतो, दुसऱ्यावर फक्त विश्वास ठेवता येतो किंवा शंका घेता येते. मला दोन्हींमधला सगळ्यात मोठा फरक हाच वाटतो.

त्यांचा भाजकही एक नाही. एआयची टक्केवारी फक्त सलग गद्य वाक्यांवर काढतात. तक्ते, मुद्द्यांच्या याद्या आणि संदर्भसूची त्यात धरत नाहीत. आपल्या प्रकरणात असं गद्य सात हजार शब्दांचं असेल, तर ४६ टक्के म्हणजे सुमारे ३,२०० शब्द, दहा हजारांतले ४,६०० नव्हेत. दोन्ही आकड्यांची बेरीज करून ‘एवढे टक्के स्वतःचं नाही’ म्हणणं म्हणूनच निरर्थक आहे. एखादं वाक्य दोन्हींत येऊ शकतं, एखादं कुठेच येत नाही. यंत्राने लिहिलेलं वाक्य अगदी नवं असेल तर साम्य शून्य. माणसाने जुन्या पुस्तकातून उतरवून घेतलेला परिच्छेद साम्यात लाल होईल आणि एआयमध्ये त्याचा मागमूसही नसेल.

त्याहून गंभीर चूक म्हणजे ४६ हा आकडा यूजीसीच्या चाळीस-ते-साठच्या चौकटीत बसवून वर्षभराच्या बंदीची भाषा करणं. त्या पातळ्या साम्यासाठी आखलेल्या आहेत. २०१८च्या त्या नियमांत यंत्रलेखनाचा उल्लेखही नाही. विद्यापीठाला एआयबद्दल नियम करायचा तर तो वेगळा आणि लेखी हवा, विद्यार्थ्यांना आधी सांगितलेला हवा.

अंदाज चुकतो तेव्हा काय होतं याची उदाहरणं नोंदलेली आहेत. टर्निटिनने सुरुवातीला खोट्या आरोपाचं प्रमाण एक टक्क्याहून कमी असल्याचं सांगितलं होतं. अमेरिकेतल्या व्हँडरबिल्ट विद्यापीठाने साधा हिशेब मांडला: २०२२मध्ये आपल्याकडे पंचाहत्तर हजार पेपर तपासायला टाकले गेले, त्यांचा एक टक्का म्हणजे साडेसातशे पेपरांवर खोटा आरोप. ऑगस्ट २०२३मध्ये त्यांनी ही सोय बंद केली. त्याच वर्षी स्टॅनफर्डच्या संशोधकांनी सात वेगवेगळी शोधयंत्रं टोफेल परीक्षेच्या ९१ निबंधांवर चालवून पाहिली. माणसांनीच लिहिलेल्या या निबंधांपैकी सरासरी निम्म्याहून जास्त यंत्रलिखित ठरवले गेले. इंग्रजी ज्यांची मातृभाषा नाही ते ओळखीचे, सुरक्षित शब्द आणि सरळ वाक्यं वापरतात, आणि यंत्राला नेमकी तीच यंत्राची खूण वाटते. लासलगावच्या कांद्यावर इंग्रजीत लिहिणाऱ्या आपल्या विद्यार्थिनीला ही गोष्ट थेट लागू आहे. (टर्निटिन त्या सात यंत्रांत नव्हतं, हेही सांगायला हवं.) पहिल्या रिपोर्टवरच्या `*%` चिन्हाचा अर्थही इथेच आहे. एक ते एकोणीस टक्क्यांमध्ये चुकण्याची शक्यता जास्त, म्हणून कंपनी तिथे आकडाच दाखवत नाही. ते चिन्ह म्हणजे आरोप नव्हे.

मग गाइडने ४६ वाचायचा कसा? रंगवलेले परिच्छेद काढावेत आणि पहिल्या मसुद्यातले तेच परिच्छेद शेजारी ठेवावेत. या प्रकरणात फरक लगेच दिसतो. कायद्याच्या कलमाची भाषा बदललेली असते, आणि कलमाचे शब्द बदलणं म्हणजे कलम चुकीचं देणं. ‘मार्केट यार्ड’सारख्या रूढ संज्ञेच्या जागी शब्दकोशातून उचलल्यासारखा पर्याय येतो. अशा मोडतोड झालेल्या संज्ञांवरून संशोधक गियोम काबानाक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२१मध्ये अनेक संशयास्पद शोधनिबंध उघडकीला आणले. त्यांत ‘आर्टिफिशियल इंटेलिजन्स’चं ‘काउंटरफिट कॉन्शसनेस’ झालेलं होतं. त्यानंतर फाइलच्या जुन्या आवृत्त्या पाहाव्यात, भरलेल्या प्रश्नावल्या मागाव्यात, आणि विद्यार्थिनीला समोर बसवून त्या परिच्छेदातला तर्क तोंडी सांगायला लावावा. जिने बाजार समितीत उभं राहून लिलाव पाहिलेत ती हे सांगू शकते. तेव्हा कळतं की माहिती तिची आहे, विश्लेषण तिचं आहे, भाषा मात्र तिने घाबरून गमावली आहे. उपाय म्हणजे पहिला मसुदा परत घेऊन ते ३०० शब्द दुरुस्त करणं. आकड्याच्या जोरावर थेट शिक्षा करू नये, हे खुद्द टर्निटिनही सांगतं.

मराठीतल्या प्रबंधांचं गणित आणखी निराळं आहे. टर्निटिनचं एआय शोधणं इंग्रजीसह मोजक्याच भाषांत चालतं, आणि मराठी त्यांत नाही. मराठी प्रबंधाच्या रिपोर्टवर एआयची जागा रिकामी असेल तर त्याचा अर्थ तपासणी झाली नाही एवढाच आहे, तपासून निर्दोष ठरला असा नाही. साम्याचंही तसंच. जुने मराठी प्रबंध पुष्कळदा स्कॅन केलेले असतात किंवा युनिकोडच्या आधीच्या फाँटमध्ये टाइप केलेले. त्या फाइलमध्ये आपल्याला ‘शेतकरी’ दिसतं, पण आत साठवलेली असतात रोमन अक्षरं आणि चिन्हं. युनिकोडमध्ये लिहिलेला नवा प्रबंध त्यांच्याशी जुळणं शक्यच नसतं, मग तो शब्दन् शब्द उतरवलेला का असेना. मराठी प्रबंधाच्या रिपोर्टवर दोन टक्के साम्य दिसलं, तरी परीक्षकाला त्या विषयावरचे आधीचे प्रबंध स्वतः काढून वाचावे लागतात.