संपादकांना धुळीचे पत्र

दिवाळी सरली, हवेत गारवा आला की मराठी वृत्तपत्रांच्या पत्रव्यवहारात एक तक्रार हमखास दिसू लागते. शेजारी टॉवरचे काम चालू आहे, खिडकी उघडता येत नाही, संध्याकाळी कोपऱ्यावर कचरा पेटवतात, मुलांचा खोकला थांबत नाही, पालिकेने तातडीने लक्ष घालावे. पत्रातला त्रास खराच असतो. पण ते छापून आल्यावर वॉर्ड ऑफिसातल्या अभियंत्याने नेमके कुठे जायचे आणि काय तपासायचे, हे त्यातून कळत नाही. म्हणून पत्र वाचले जाते आणि धूळ उडत राहते.

मुंबईपुरते बोलायचे तर तपासण्यासारखे पुष्कळ काही लेखी उपलब्ध आहे. ऑक्टोबर २०२३ मध्ये शहराची हवा इतकी बिघडली की २५ तारखेला महापालिकेने बांधकामांसाठी सविस्तर मार्गदर्शक सूचना काढल्या, आणि महिनाअखेरीस उच्च न्यायालयाने या प्रश्नाची स्वतःहून दखल घेतली. त्या सूचना पत्रलेखकाने एकदा वाचाव्यातच. एक एकराहून लहान भूखंडाभोवती किमान २५ फूट उंच पत्रे हवेत, मोठ्या भूखंडाभोवती ३५ फूट. इमारत चारही बाजूंनी हिरव्या कापडाने किंवा ताडपत्रीने झाकलेली हवी. पाडकाम चालू असताना सतत पाणी मारायचे. फरशी-दगड कापण्याचे काम बंदिस्त जागेत करायचे. माल आणि राडारोडा नेणारी गाडी पूर्ण झाकलेली हवी आणि बाहेर पडताना तिची चाके धुतलेली हवीत.

यातली चाकांची अट सर्वांत महत्त्वाची आणि सर्वांत दुर्लक्षित. लोक वर बघतात, मजल्यांकडे. पण बांधकामाच्या धुळीचा मोठा वाटा खाली, गेटपाशी तयार होतो. पायाच्या खोदकामात भरलेला डंपर चाकांना ओली माती घेऊन रस्त्यावर येतो. ती माती शे-दोनशे मीटरपर्यंत पट्ट्यांसारखी सांडते, उन्हात वाळते, आणि मग त्या रस्त्यावरून जाणारी प्रत्येक बस, रिक्षा, दुचाकी तिचे पीठ करून हवेत उडवते. काम रात्री थांबले तरी धूळ उडायची थांबत नाही. पाण्याचा टँकर सकाळी एकदा फिरला तर तासाभरात रस्ता पुन्हा कोरडा होतो. ही माती गोळा करून उचलावी लागते आणि मुळात गेटच्या आतच अडवावी लागते. म्हणून गेटबाहेरचा तपकिरी पट्टा हा कुणालाही दिसणारा, फोटोत येणारा पुरावा आहे. पत्रे २५ फूट आहेत की वीस, हे रस्त्यावरून ठरवणे अवघड. चाके धुतली जात नाहीत हे मात्र रस्ताच दाखवतो.

कचरा जाळण्याचे प्रकरण वेगळे आहे. बांधकामाची धूळ बहुतांशी जाड असते. ती पीएम १० या मापात अधिक दिसते. धुराचे कण त्याहून फार बारीक, पीएम २.५ मध्ये मोडणारे, आणि ते फुप्फुसात खोलवर जातात. रस्त्याकडेच्या ढिगात सुका पाला असतो तसेच दुधाच्या पिशव्या, वेष्टने, थर्माकोल, कधी वायरचे तुकडेही असतात. अशी आग मंद, धुमसणारी असते. तिच्यात प्लास्टिक नीट जळत नाही, आणि पीव्हीसीसारखे पदार्थ असले तर धुरात आम्ल वायू व डायॉक्सिनसारखी विषारी द्रव्ये तयार होतात. ढीग ओला असला तर धूर आणखी वाढतो.

इथे अनेक पत्रे फसतात. लेखक मोबाइलवर त्या दिवसाचा हवा निर्देशांक पाहतो, तो ‘समाधानकारक’ निघतो, आणि आपलीच तक्रार त्याला अतिरंजित वाटू लागते. पण धूलिकणांचा निर्देशांक चोवीस तासांच्या सरासरीवर काढतात. समजा, संध्याकाळी एक तास कचरा जळत असताना त्या गल्लीत पीएम २.५ घनमीटरला ३०० मायक्रोग्रॅमवर गेले आणि उरलेले २३ तास ४० राहिले. दिवसाची सरासरी होते सुमारे ५१. राष्ट्रीय मर्यादा ६० आहे, म्हणजे दिवस मर्यादेत बसला. त्या तासात गॅलरीत बसलेल्या दमेकरी आजोबांनी श्वासात घेतलेला धूर सरासरीत विरून गेला. शिवाय मोजणी केंद्र दोन-तीन किलोमीटर दूर असेल तर तो धूर तिथे पोहोचतही नाही. तेव्हा निर्देशांक चांगला असणे आणि गल्लीत धूर असणे, दोन्ही एकाच वेळी खरे असू शकते. पत्रात आकडा द्यायचाच असेल तर केंद्राचे नाव, तास आणि कोणता प्रदूषक वरचढ होता हे तिन्ही द्यावे.

उघड्यावर कचरा जाळण्याला २०१६ च्या घनकचरा नियमांनी मनाई केली. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये राष्ट्रीय हरित लवादाने साध्या प्रकाराला ५,००० आणि मोठ्या प्रमाणावर जाळल्यास २५,००० रुपये भरपाई ठरवली. मुंबईत मात्र पालिकेचा दंड वर्षानुवर्षे १०० रुपये राहिला आणि २०२५ मध्ये तो १,००० करण्यात आला. शंभर रुपयांनी कुणाला धाक बसणार नव्हता, हे स्पष्टच आहे.

दंडाचा रोख कुणावर, हाही प्रश्न आहे. आग लावताना दिसतो तो झाडूवाला किंवा थंडीत शेकत बसलेला रखवालदार. पण पाल्याचा ढीग दोन दिवस उचलला गेला नसेल, जवळ कुंडी नसेल, तर ढीग पेटवणे हीच तिथली पद्धत होऊन बसते. चांगले पत्र त्या माणसाचा फोटो छापा म्हणत नाही. गाडी कोणत्या दिवशी आली नाही ते सांगते.

मग पत्र कसे दिसेल? सुमारे दोनशे शब्द पुरतात. ‘अमुक रस्त्यावरील अमुक शाळेसमोरच्या बांधकामाच्या पूर्वेकडील गेटमधून सोमवार ते शुक्रवार सकाळी सात ते नऊ या वेळेत डंपर चाके न धुता बाहेर पडतात. शाळेच्या फाटकापर्यंत रस्त्यावर मातीचा थर आहे. १९१६ वर अमुक तारखेला तक्रार केली, क्रमांक अमुक. अद्याप पाहणी झालेली नाही. चाके धुण्याची सोय सुरू करावी आणि साचलेली माती उचलावी.’ इतकेच. सोबत तारीख-वेळ असलेला एक फोटो. विकासकावर लाचखोरीचे आरोप सिद्ध करता येत नसतील तर करू नयेत; त्याने मजकूर छापण्यायोग्य राहत नाही. गेटवरच्या फलकावरून प्रकल्पाचे नाव आणि महारेरा क्रमांक टिपून ठेवावा, संपादकांनी विचारले तर देता येतो. स्वतःचे नाव-पत्ता मात्र नक्की द्यावा; निनावी पत्रे बहुतेक वृत्तपत्रे बाजूला ठेवतात.

कारवाई होऊच शकत नाही असेही नाही. ३० डिसेंबर २०२४ रोजी पालिकेने भायखळा आणि बोरिवली पूर्व इथली बांधकामे थांबवण्याचा निर्णय घेतला आणि जानेवारीत सुधारणा दिसल्यावर बंदी उठवली. पण सगळ्या भागाची कामे बंद ठेवणे हा काही दिवसांचाच उपाय असतो. त्यात नियम पाळणारा विकासक आणि मोडणारा विकासक एकाच शिक्षेत अडकतात, आणि रोजंदारीवरच्या मजुराची मजुरी बुडते. त्यापेक्षा नियम मोडणारे एक गेट नेमके दाखवून दिलेले बरे.

म्हणून वाचकांनी आधी १९१६ वर किंवा वॉर्ड ऑफिसात तक्रार नोंदवावी, क्रमांक जपून ठेवावा, आठवडाभर वाट पाहावी, आणि त्यानंतरही काही हलले नाही तर तो क्रमांक घालून संपादकांना लिहावे.