यंत्रातलं सुख खोटं नसतं : नोझिकच्या अनुभव-यंत्राबद्दलचे गैरसमज

नीतिशास्त्राच्या पेपरात अनुभव-यंत्रावर टीप आली की एस.वाय.च्या उत्तरपत्रिकांत एक वाक्य हमखास सापडतं : ‘यंत्रातलं सुख खोटं असतं, म्हणून नोझिक ते नाकारतो.’ वाचायला ते बरोबर वाटतं. पण ते खरं मानलं तर नोझिकचा सगळा आक्षेपच कोसळतो. बाकीचे बरेचसे गैरसमजही याच वाक्यातून फुटतात, म्हणून सुरुवात इथूनच करू.

आधी मूळ प्रयोग. रॉबर्ट नोझिक हे हार्वर्डमधले तत्त्वज्ञ. त्यांचं ‘अ‍ॅनार्की, स्टेट अँड युटोपिया’ हे पुस्तक १९७४ साली आलं. पुस्तक राज्यसंस्थेवरचं आहे. प्राण्यांशी कसं वागावं याची चर्चा मध्येच निघते आणि तिथे जेमतेम तीन-चार पानांत हे यंत्र येऊन जातं. कल्पना करा, मेंदूचे निष्णात शास्त्रज्ञ तुम्हाला हवा तो अनुभव देऊ शकतात. मोठी कादंबरी लिहिल्याचा, जिवाभावाचा मित्र मिळाल्याचा, चांगलं पुस्तक वाचल्याचा. प्रत्यक्षात तुम्ही एका टाकीत तरंगत असता, डोक्याला इलेक्ट्रोड लावलेले. पुढच्या दोन वर्षांचे अनुभव आधीच निवडायचे. दोन वर्षांनी थोडा वेळ बाहेर यायचं, पुढच्या दोन वर्षांची निवड करायची आणि परत आत जायचं. आत असताना आपण टाकीत आहोत हे तुम्हाला ठाऊक नसतं. जन्मभरासाठी आत जाल का?

हा प्रश्न सुखवाद्यासमोर ठेवलेला आहे. बेंथॅमचा उपयुक्ततावाद दोन गोष्टी जोडून उभा राहतो. पहिली अशी, की माणसाचं भलं म्हणजे त्याच्या वाट्याला आलेलं सुख वजा दुःख, दुसरं काही नाही. दुसरी अशी, की सगळ्यांचं मिळून ते भलं जास्तीत जास्त होईल ते कृत्य योग्य. नोझिकचा नेम पहिल्या गोष्टीवर आहे. आपलं आयुष्य आतून कसं वाटतं, याखेरीज आणखी कशाला महत्त्व आहे का, एवढंच तो विचारतो.

आता त्या वाक्याकडे परत येऊ. यंत्रातलं सुख खोटं असतं का? नाही. कादंबरी खोटी असते, मित्र खोटा असतो, पण आनंद खराच असतो. स्वप्नात वाघ मागे लागला तर वाघ नसतो, पण घामाघूम करणारी भीती असतेच. तसंच हे. नोझिकला ते सुख खरंच लागतं, कारण त्याचा युक्तिवाद असा आहे : यंत्रात सुख काठोकाठ भरलेलं आहे, तरीही काहीतरी हरवलंय असं आपल्याला वाटतं, म्हणजे सुखापलीकडेही काहीतरी मोलाचं असलं पाहिजे. ‘यंत्रात सुखच नसतं’ असं तुम्ही लिहिलंत, तर सुखवादी आनंदाने मान डोलावेल : ‘बरोबर, सुख नाही म्हणूनच ते आयुष्य वाईट. माझंही हेच म्हणणं.’

मिलचा आधार घेणाऱ्यांचंही असंच होतं. मिलने उच्च आणि हलक्या सुखांत फरक केला, तेव्हा यंत्रातलं सुख हलकं म्हणून तो सुटतो, असं पुष्कळदा लिहिलं जातं. पण यंत्र फक्त पंचपक्वान्नं खाल्ल्याचा अनुभव देत नाही. काव्य, गणित, मैत्री, जी म्हणून उच्च सुखं मिल सांगेल ती सगळी त्याच्या यादीत आहेत. म्हणजे यंत्र मिललाही गाठतंच.

वर्गात दुसरा गोंधळ होतो तो तपशिलांवरून. यंत्र बिघडलं तर? घरच्यांचं कोण बघणार? दोन वर्षांत कंटाळा आला तर? विचारणं साहजिक आहे, पण या शंकांनी प्रयोग खोडता येत नाही. नोझिकने त्या आधीच बाजूला ठेवल्या आहेत : इतरांनाही आत जाता येतं, त्यामुळे त्यांच्यासाठी कुणी बाहेर थांबायची गरज नाही. विचारप्रयोगात हे प्रयोगशाळेतल्या नियंत्रणासारखं असतं. एकच गोष्ट बदलायची आणि बाकी सगळं जागच्या जागी धरून ठेवायचं. १९९९ सालच्या ‘द मॅट्रिक्स’शी तुलनाही याच कारणाने फार पुढे नेता येत नाही. तिथे माणसांना न विचारता कोंडलेलं आहे, त्यांचा वापर होतो आहे, आणि राग बराचसा त्याचा येतो. नोझिकच्या यंत्रात तुम्ही आपल्या मर्जीने जाता.

तिसरा गैरसमज जास्त खोल आहे आणि तो पाठ्यपुस्तकांतूनही डोकावतो. तो असा : ‘बहुतेक लोक यंत्रात जायला नकार देतात, म्हणून सुखवाद चूक.’ हे युक्तिवादाचं सर्वांत कमकुवत रूप. माणूस नकार अनेक कारणांनी देतो. ओळखीचं आयुष्य सोडवत नाही, नव्या यंत्राची धास्ती वाटते, टाकी या कल्पनेचीच किळस येते. फेलिपे डी ब्रिगार्ड यांनी २०१० साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात हेच उघड झालं. त्यांनी अमेरिकेतल्या विद्यार्थ्यांना प्रश्न उलटा विचारला : समजा, तुम्ही आत्ताच यंत्रात आहात, आजवरचं आयुष्य हा यंत्राने दिलेला अनुभव आहे, बाहेर पडायचंय का? बाहेरच्या आयुष्याबद्दल काहीच सांगितलं नव्हतं तेव्हा ४६ टक्के आतच राहायला तयार होते. बाहेर तुम्ही तुरुंगातले कैदी आहात असं सांगितल्यावर ८७ टक्के तयार झाले. लोकांना वास्तवच हवं असतं, तर उलट्या प्रश्नात जवळपास सगळ्यांनी बाहेर धाव घ्यायला हवी होती. म्हणजे मूळ प्रश्नातल्या नकारात ‘आहे ते बरं आहे’ या ओढीचाही वाटा असणार.

मग आक्षेप मेला का? काही जण तसं मानतात. मला ते पटत नाही. डी ब्रिगार्डच्या आकड्यांनी पाडला तो लोकांच्या निवडीवर उभा असलेला युक्तिवाद. नोझिकचा मुद्दा निवडीशिवायही मांडता येतो. १९८९ साली ‘द एक्झामिन्ड लाइफ’ या पुस्तकात त्यांनी स्वतःच म्हटलं, की प्रश्न तुम्ही आत जाल का हा नाही. अनुभवाखेरीज कशाला मोल आहे का, हा आहे. अलीकडच्या काही तत्त्वज्ञांनी त्यासाठी साधी रीत सुचवली आहे : निवड काढून टाका, आतून तंतोतंत सारखी असलेली दोन आयुष्यं शेजारी ठेवा आणि विचारा, दोन्ही सारखीच चांगली आहेत का?

हे एका उदाहरणाने करून बघू. गावच्या शाळेतून निवृत्त झालेले एक मास्तर. दर गुरुपौर्णिमेला जुन्या विद्यार्थ्यांची वीसेक पत्रं येतात. कुणी कृषी अधिकारी झालाय, कुणाची मुलगी पहिली आलीय, कुणी लिहितं, ‘सर, तुम्ही शिकवलेलं अपूर्णांकांचं गणित अजून आठवतं.’ मास्तर चष्मा पुसून एकेक पत्र दोनदा वाचतात, वर वर्ष घालतात आणि पत्र्याच्या ट्रंकेत ठेवतात. वयाच्या ८१व्या वर्षी समाधानाने जातात.

दुसऱ्या आयुष्यातही तेच मास्तर, तीच ट्रंक, तीच पत्रं, अक्षरन् अक्षर तेच. फक्त ती सगळी त्यांचा जावई लिहितो, वेगवेगळ्या पेनांनी, वेगवेगळ्या वळणात, सासऱ्यांवरच्या मायेपोटी. प्रत्यक्षात एकाही विद्यार्थ्याला मास्तर आठवत नाहीत. मास्तरांना हे कधी कळत नाही, संशयही येत नाही. पहिल्या आयुष्यात पौर्णिमेच्या संध्याकाळी जेवढं मन भरून येतं, तेवढंच दुसऱ्यातही.

इथे टाकी नाही, इलेक्ट्रोड नाहीत, ओळखीचं सोडून जाणं नाही. डी ब्रिगार्डने दाखवलेली ओढ इथे काम करत नाही, कारण कुणी काही निवडतच नाही. विद्यार्थ्यांना पत्र लिहिण्यात किती आनंद मिळाला हा हिशेबही बाजूला ठेवा. आपण फक्त मास्तरांच्या आयुष्याबद्दल बोलतो आहोत. सुखवाद्याचं उत्तर ठरलेलं आहे : दोन्हींत सुख तेवढंच, म्हणून मास्तरांचं भलंही तेवढंच. फरक शून्य. थोडा कमी वगैरे नाही, शून्य. मास्तर तुमचे वडील असते तर कोणतं आयुष्य त्यांच्या वाट्याला यावंसं वाटलं असतं? पहिलं असं वाटत असेल, तर ते वाटणं सुखवादात कुठे बसतं हे सुखवाद्याने सांगायला हवं.

तो सांगू पाहतो, आणि ते ऐकण्यासारखं आहे. तो म्हणतो, खरी नाती आणि खरं यश यांनी माणसाला एरवी नेहमीच जास्त सुख मिळतं. फसवणूक आज ना उद्या उघडी पडते. म्हणून ‘खरं ते चांगलं’ ही सवय आपल्यात इतकी मुरली आहे, की ‘कधीच उघडं पडणार नाही’ असं कथेत सांगितलं तरी मन ते पूर्ण मानत नाही. शिवाय सिजविकने दाखवलेली गोष्ट आहेच : सुखाचाच ध्यास घेणाऱ्याला सुख सहसा कमी मिळतं, बाकीच्या गोष्टींत मनापासून गुंतणाऱ्याला जास्त. मग सुखवाद खरा असला तरी आपण सुखाखेरीज इतर गोष्टींना जीव लावणारच. हे उत्तर जोरकस आहे. पण ते आपल्याला तसं का वाटतं हे समजावतं. ते वाटणं चुकीचं आहे हे त्यातून सिद्ध होत नाही. सवयीतून आलेली समजूत खरीही असू शकते. वाद आज या टप्प्यावर आहे, आणि उत्तरात तो इथवर आणला तर परीक्षकाला तुम्ही मूळ मुद्दा धरलाय हे दिसतं.

शेवटचा गैरसमज म्हणजे ‘नोझिकने उपयुक्ततावाद खोडला’ हे विधान. सुखवाद पडला तरी ‘सगळ्यांचं भलं जास्तीत जास्त करा’ हे दुसरं अंग शाबूत राहतं. भलं म्हणजे काय, याची व्याख्या फक्त बदलावी लागते. पसंती-उपयुक्ततावादी म्हणेल, भलं म्हणजे माणसाच्या इच्छा प्रत्यक्षात पुऱ्या होणं. मास्तरांची इच्छा मुलांनी आपल्याला लक्षात ठेवावं ही होती, लक्षात ठेवल्यासारखं वाटावं ही नव्हती. पहिल्या आयुष्यात ती पुरी झाली, दुसऱ्यात नाही. दोन ट्रंकांमधला फरक त्याच्या हिशेबात लगेच दिसतो. मात्र त्याच्यासमोर वेगळाच प्रश्न उभा राहतो : जे मास्तरांना कधी कळलं नाही, ज्याने त्यांची एकही संध्याकाळ बदलली नाही, त्याने त्यांचं नुकसान नेमकं केव्हा झालं?