सर्दी गेली, पाय मात्र उडतोय

कुत्र्यांच्या डिस्टेंपरबद्दल एक गोष्ट पाळणाऱ्यांपर्यंत नीट पोहोचलेलीच नाही. या आजारात पिल्लू बरं झाल्यासारखं दिसतं, त्यानंतरचे काही आठवडे सगळ्यात महत्त्वाचे असतात. नाक वाहायचं थांबलेलं असतं, पिल्लू पुन्हा भाकरीच्या तुकड्यावर झडप घालत असतं, घरचे निर्धास्त होतात. आणि मग एका संध्याकाळी ते निवांत झोपलेलं असताना त्याचा पुढचा पाय दर सेकंदाला एकदा उडताना दिसतो.

वस्तीतून उचलून घरी आणलेलं चार महिन्यांचं एक देशी पिल्लू डोळ्यांसमोर आणा. लशीचा एकच डोस झालेला, पुढचा राहून गेलेला. एखाद्या आजारी कुत्र्याच्या खोकण्या-शिंकण्यातून उडालेले कण त्याच्या नाकात गेले. हा विषाणू माणसातल्या गोवराच्या विषाणूचा जवळचा नातेवाईक. तो आधी घशातल्या आणि छातीतल्या लसीका ग्रंथींत वाढतो, म्हणजे प्रतिकार करणाऱ्या पेशींवरच घाला घालतो. लागण झाल्यावर तीन ते सहा दिवसांत एक ताप येतो. तो बहुतेक घरांत कळतही नाही. पिल्लू दिवसभर जरा मलूल होतं, एवढंच. काही दिवसांनी दुसरा ताप येतो. तेव्हा डोळे आणि नाक पाण्यासारखं वाहू लागतं, लोक ‘सर्दी झाली’ म्हणतात, आणि इथेच वेळ हातची जाते.

कुत्र्यांना साधा सर्दी-खोकला होत नाही असं नाही. होतो, आणि तो पुष्कळ ठिकाणी पसरतो. ‘केनेल कफ’ हे त्याचं रोजचं रूप. त्यात कोरडा, ठसक्यासारखा खोकला येतो, घशात काही अडकल्यासारखं कुत्रं खाकरतं, पट्टा ओढला की जास्तच. पण ते खेळतं, वाटी चाटूनपुसून साफ करतं आणि एक ते तीन आठवड्यांत बहुधा आपोआप ठीक होतं. डिस्टेंपरमध्ये चित्र वेगळं असतं. पाण्यासारखा स्राव दोन-चार दिवसांत घट्ट आणि पिवळट-हिरवा होतो, दोन्ही डोळ्यांच्या कडा सकाळी चिकटलेल्या सापडतात, पिल्लू अन्नाकडे पाठ फिरवतं. पाठोपाठ उलट्या-जुलाब लागतात. जंत असतील म्हणून जंताचं औषध दिलं जातं, सर्दीसाठी वेगळं. पण नाक, डोळे, छाती आणि पोट हे सगळं एकाच पंधरवड्यात बिघडत असेल, तर कारण एकच असण्याची शक्यता धरून चालावं. काही कुत्र्यांत नाकाचा शेंडा आणि पंजाच्या गाद्या जाड, खरखरीत होतात. हे चिन्ह उशिरा दिसतं, पण दिसलं तर शंका पक्की करतं.

नाकाला हात लावून ताप कळत नाही. साधा डिजिटल थर्मामीटर थोडं व्हॅसलीन लावून गुदद्वारातून लावावा. कुत्र्याचं नेहमीचं तापमान 101 ते 102.5 फॅरनहाइट असतं; 103 च्या वर गेलं आणि पिल्लू जेवत नसेल, तर त्याच दिवशी पशुवैद्यांकडे न्यायचं. घरातली माणसांची तापाची गोळी देऊ नका. पॅरासिटामॉलने कुत्र्याचं यकृत निकामी होऊ शकतं, आयब्युप्रोफेनने पोट आणि मूत्रपिंड.

डॉक्टर डोळ्याच्या आतल्या कडेतून किंवा नाकातून कापसाच्या बोळ्याने नमुना घेतात. निकाल वाचताना दोन गोष्टी लक्षात ठेवाव्या लागतात. नुकतीच लस दिली असेल, तर लशीतल्या दुर्बल विषाणूमुळेही पीसीआर चाचणी होकारार्थी येऊ शकते. उलट, आजार मेंदूत शिरून काही आठवडे झाले असतील, तर नाकातला नमुना स्वच्छ येतो आणि तरी आजार असतो. म्हणून ‘चाचणी निगेटिव्ह आली’ एवढ्यावर कुणी निश्चिंत होऊ नये. विषाणूवर थेट मारा करणारं खात्रीचं औषध आजही नाही. सलाईन, न्यूमोनिया करणाऱ्या जिवाणूंसाठी प्रतिजैविक, उलटी थांबवणं, डोळे पुसणं, पोटात अन्न जाईल हे पाहणं, हाच उपचार. मनापासून केला तर तो बऱ्याच पिल्लांना तारून नेतो.

आता तो उडणारा पाय. आपलं पिल्लू पहिल्या तडाख्यातून वाचलं, आठवडा-दोन आठवडे छान गेले. विषाणू मात्र दरम्यान मेंदू आणि मज्जारज्जूत पोहोचलेला होता. मज्जातंतूंवर वायरीच्या प्लास्टिकसारखं मायलिनचं आवरण असतं. या आजारात ते जागोजागी झडतं आणि काही चेतापेशीही मरतात. काही ठिकाणी मज्जारज्जूतल्या पेशी आपल्याआपणच ठरावीक लयीत संदेश सोडू लागतात. त्यातून कानशिलाचा, जबड्याचा किंवा एका पायाचा स्नायू उडत राहतो. याला मायोक्लोनस म्हणतात. थंडीने किंवा भीतीने कुत्रं थरथरतं तेव्हा ऊब दिली, जवळ घेतलं की ते थांबतं. मायोक्लोनसची उडी तशी थांबत नाही, आणि झोपेतही चालू राहते. संशय आला तर पिल्लू झोपलेलं असताना मिनिटभराचा व्हिडिओ काढून डॉक्टरांना दाखवा; दवाखान्याच्या टेबलावर घाबरलेल्या पिल्लापेक्षा त्यातून जास्त कळतं.

ही उडी बहुधा आयुष्यभर राहते. विषाणू शरीरातून गेला तरी झालेली इजा मागे उरते, आणि ती हमखास थांबवणारं औषध नाही. लहानपणी आजार झालेल्या कुत्र्याचे पक्के दात डागाळलेले, खड्डे पडलेले उगवतात, कारण दातावरचं कवच बनत असतानाच विषाणूने ते बिघडवलेलं असतं. पण केवळ पाय उडतो म्हणून कुत्र्याला झोपेचं इंजेक्शन देण्याची घाई होते, ती मला मुळीच पटत नाही. जेवणारं, चालणारं, माणसाला ओळखून शेपूट हलवणारं कुत्रं ही उडी घेऊन वर्षानुवर्षं चांगलं जगू शकतं. फरशीवर घसरू नये म्हणून सतरंजी, मऊ बिछाना, जेवणाची वाटी जरा उंचावर, एवढी सोय पुरते.

फिट येऊ लागल्या तर मात्र गोष्ट गंभीर. डिस्टेंपरमध्ये बऱ्याचदा कुत्रं रिकामं चघळल्यासारखा जबडा हलवतं, तोंडाला फेस येतो, मग अंग ताठ होतं. फेनोबार्बिटलसारखी औषधं या फिट काही कुत्र्यांत आटोक्यात ठेवतात. औषध चालू असूनही त्या वाढतच गेल्या, गिळणंही बंद झालं, तर डॉक्टरांशी बसून शेवटाचा विचार करावा; त्यात क्रूरता नाही. आणखी एक, फार जपून: रेबीजची लस न झालेल्या, पूर्वेतिहास ठाऊक नसलेल्या कुत्र्यात असं काही दिसलं तर रेबीज नाही असं गृहीत धरू नका. त्याच्या तोंडात हात घालायचा नाही, लाळ लागली किंवा चावा बसला तर जखम साबण-पाण्याने पंधरा मिनिटं धुऊन लगेच दवाखाना गाठायचा. डिस्टेंपर माणसाला होत नाही, रेबीज होतो.

लशीचं वेळापत्रक मोडतं ते पहिला डोस झाल्यावर. पिल्लाच्या रक्तात आईच्या दुधातून आलेली प्रतिपिंडं असतात, आणि ती शत्रूच्या विषाणूइतकीच लशीलाही निष्प्रभ करतात. ती कधी ओसरतील हे प्रत्येक पिल्लात वेगळं. म्हणूनच सहा ते आठ आठवड्यांपासून दर दोन-चार आठवड्यांनी डोस देत, शेवटचा सोळा आठवडे पूर्ण झाल्यावरच द्यायचा असतो, आणि नंतर सहा महिने ते वर्षाच्या दरम्यान एक बूस्टर. तुमच्या पिल्लाचं लसकार्ड आज काढून पाहा. सोळाव्या आठवड्यानंतरचा डोस त्यावर नसेल, तर त्याचं लसीकरण अपुरं आहे. या आठवड्यातच डॉक्टरांची वेळ घ्या.