बिलात न आलेले दोन स्क्रू

रुग्णालयाचे बिल हातात आले की, यात काय काय जास्त लावले असेल, अशी शंका रुग्णाच्या नातेवाइकांना येते. रुग्णालयाच्या अंतर्गत लेखापरीक्षकाला नेमका उलटा प्रश्नही पडतो : यात काय काय लावायचे राहून गेले? उत्तर बिलात सापडत नाही. जे बिलात आलेच नाही ते बिल तपासून कसे दिसणार? म्हणून जाणता परीक्षक बिल बाजूला ठेवतो आणि बिलिंग विभागाचा हात ज्यांना लागलेला नाही अशा नोंदी आधी मागवतो. ऑपरेशन थिएटरचे रजिस्टर, परिचारिकांनी भरलेला चार्ट, लॅब आणि एक्स-रेची यादी, फार्मसीतून वॉर्डात गेलेले आणि परत आलेले औषध, हे त्याचे खरे साहित्य.

एक नमुना फाइल घेऊ. आकडे समजण्यासाठी घेतले आहेत, प्रकार मात्र नेहमीचा आहे. मांडीचे हाड मोडलेला विमाधारक रुग्ण शंभर खाटांच्या रुग्णालयात सहा दिवस राहिला. हाडाला प्लेट बसवली. बिल झाले १,६०,००० रुपयांचे. त्यातले १२,००० रुपये रुग्णाने भरले आणि १,४८,००० रुपयांना विमा कंपनीने मंजुरी दिली. सगळे सुरळीत दिसते.

आता परीक्षक ओटी रजिस्टर उघडतो. प्रत्येक इम्प्लांटच्या पाकिटावर बॅच क्रमांकाचे स्टिकर असते आणि ते वापरल्यावर नोंदीत चिकटवायचे असते. रजिस्टरमध्ये प्लेटचे एक आणि स्क्रूची दहा स्टिकर आहेत. बिलात स्क्रू आठ. सर्जनने आदल्या दिवशी आठ स्क्रू मागवले होते, बिल त्या मागणीपत्रावरून झाले आणि ऑपरेशन चालू असताना स्टोअरमधून आणलेले दोन स्क्रू कुणी कळवलेच नाहीत. एकाची किंमत ९००, म्हणजे १,८०० रुपये गेले. पुढे फिजिओथेरपीच्या चार भेटींची नोंद आहे, बिलात दोन. सी-आर्म यंत्र वापरल्याची नोंद आहे, त्याचे पैसे बिलात नाहीत. नऊ तास ऑक्सिजन दिला, तोही नाही.

नवखा परीक्षक इथे लगेच बेरीज करतो आणि मोठा आकडा अहवालात टाकतो. चूक इथेच होते. या रुग्णाचे ऑपरेशन विमा कंपनीशी ठरलेल्या पॅकेज दरात होते. सी-आर्म, ऑक्सिजन, फिजिओथेरपी हे सारे त्या दरातच धरलेले होते. वेगळे आकारायचे होते ते फक्त इम्प्लांट. त्यामुळे खरी गळती १,८०० रुपयांची. करारपत्र आधी न वाचता काढलेली गळती कागदावरच राहते, वसूल कधीच होत नाही.

प्रामाणिक तपासणीची आणखी एक खूण म्हणजे ती दोन्ही बाजू मोजते. पॅकेज नसलेल्या फाइलींमध्ये, वॉर्डातून परत गेलेल्या अँटिबायोटिकच्या बाटल्या बिलातून वजा झालेल्या नसतात, किंवा डॉक्टरांनी सांगितलेली पण न झालेली ईसीजी बिलात असते. हे पैसे रुग्णाचे आहेत. फक्त राहून गेलेल्या रकमांच्या मागे लागलेले ऑडिट हळूहळू बिल फुगवण्याचे यंत्र होऊन बसते.

विम्याचे पैसे बँकेत आल्यावर दुसरी गळती दिसते. मंजुरी होती १,४८,००० रुपयांची, खात्यात आले १,२५,१००. फरक २२,९०० रुपयांचा. बऱ्याच ठिकाणी हिशेब विभाग ही सगळी रक्कम ‘टीपीए कपात’ म्हणून एकाच नोंदीत उडवून मोकळा होतो. परीक्षक ती फोडून पाहतो. यातले १३,९०० रुपये दहा टक्क्यांनी कापलेला टीडीएस आहे. तो सरकारकडे रुग्णालयाच्या नावावर जमा झालेला असतो आणि प्राप्तिकराच्या विवरणपत्रात त्याचे श्रेय मिळते. तो तोटा नव्हेच. उरलेले ९,००० रुपये मात्र कंपनीने खरोखर कापले आहेत. सेटलमेंट पत्रात कारण लिहिलेले आहे : प्लेटचे स्टिकर दाव्यासोबत जोडलेले नाही.

म्हणजे दोन स्क्रूचे पैसे आणि प्लेटचे पैसे, दोन्ही एकाच कारणाने अडकले. स्टिकरचा कागद ओटी रजिस्टरमध्येच राहिला, रुग्णाच्या फाइलमध्ये आला नाही. कुणी चोरी केलेली नाही, फक्त तिसऱ्या मजल्यावरचा कागद तळमजल्यावर पोहोचला नाही. स्टिकरची प्रत आणि इम्प्लांटचे खरेदी बिल पाठवून फेरविचार मागितला तर ९,००० रुपये परत मिळू शकतात, पण करारातली मुदत उलटण्याआधी. स्क्रूचे १,८०० मात्र गेलेच. बिल बंद होऊन रुग्ण घरी गेल्यावर त्याच्याकडे वाढीव पैसे मागणे बरे दिसत नाही आणि मंजूर दावा विमा कंपनी सहसा वाढवून देत नाही.

सवलतीचा गैरवापर हा प्रकार मात्र वेगळा. इथे हेतू असतो. सर्वांत साधी युक्ती अशी : रुग्णाकडून रोख ४०,००० घ्यायचे, तो गेल्यावर संगणकात ‘ओळखीचा रुग्ण’ म्हणून ४,००० ची सवलत टाकायची आणि तेवढी रक्कम खिशात घालायची. ही चोरी वेळेवरून पकडली जाते. सवलत नेहमी पैसे भरण्याआधी ठरते, म्हणून पावतीनंतर टाकलेली प्रत्येक सवलत संशयास्पद. त्या सवलती कोणाच्या लॉगिनवरून आल्या, कोणत्या पाळीत आल्या, हे लावून पाहिले की नमुना उघडा पडतो. काउंटरवरच्या माणसाला दहा टक्क्यांपर्यंतच अधिकार असेल आणि साडेनऊ टक्क्यांच्या सवलतींची रांग दिसत असेल, तर तीही खूणच. मग काही रुग्णांना फोन करून ‘आपण एकूण किती पैसे भरलेत?’ एवढेच विचारायचे.

महाराष्ट्रातल्या धर्मादाय रुग्णालयांत याला आणखी एक पदर आहे. उच्च न्यायालयाने मंजूर केलेल्या योजनेनुसार त्यांनी दहा टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि दहा टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीच्या दरात ठेवायच्या असतात. त्यासाठी बिलाच्या रकमेतले दोन टक्के वेगळ्या निधीत जमा होतात. विश्वस्तांच्या परिचितांना दिलेली सूट या निधीतून दाखवली जाते तेव्हा ती गरिबाच्या खाटेतून वजा होते. परीक्षकाने अशा प्रत्येक फाइलमध्ये तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला किंवा शिधापत्रिका आहे का, एवढे पाहिले तरी बरेच उघड होते.

वर्षाअखेरीस जुन्या फाइली चाळून अहवाल लिहिण्यापेक्षा, डिस्चार्ज ठरलेल्या रुग्णाची फाइल बिल बंद होण्याआधी अर्धा तास ओटी रजिस्टर आणि नर्सिंग चार्टशी ताडून पाहणे अधिक उपयोगाचे. पुरेशी माणसे नसतील तर निदान इम्प्लांटच्या आणि आयसीयूच्या फाइली तरी पाहाव्यात, कारण मोठी रक्कम तिथेच अडकते. रुग्णांनीही एक गोष्ट करावी : पैसे दिले की तितक्याच रकमेची पावती आणि सवलत वजा केलेले अंतिम बिल, दोन्ही मागून घ्यावे. काउंटरवरची चोरी थांबवायला याहून स्वस्त उपाय नाही.