आकाश वगळताना : पारदर्शक पार्श्वभूमी आणि कडांचा प्रश्न

उमरखेड तालुक्याच्या सीमेवरून वाहणाऱ्या पैनगंगेवर सहस्रकुंडाचा धबधबा आहे. पावसाळ्यात काढलेले त्याचे एखादे छायाचित्र डोळ्यांसमोर आणा. खाली काळा खडक आणि फेसाळ पाणी, वर काठावरच्या झाडांची रांग आणि त्यामागे ढगांनी भरलेले, पांढुरके, निर्जीव आकाश. हे चित्र दहा फूट रुंदीच्या फलकावर छापायचे असून आकाशाच्या जागी संध्याकाळचा गडद रंग आणि त्यावर अक्षरे हवी आहेत, असे समजा. त्यासाठी मूळ आकाश काढून तेथे पारदर्शकता ठेवावी लागेल. वरवर पाहता हे काम सोपे दिसते. आकाश निवडावे आणि पुसून टाकावे, एवढेच. मात्र तसे केल्यास झाडांच्या शेंड्यांभोवती पांढरी झालर उरते. ती का उरते हे प्रथम समजून घेऊ.

छायाचित्रातील प्रत्येक ठिपक्याला, म्हणजे पिक्सेलला, तांबडा, हिरवा आणि निळा या तीन रंगांचे आकडे असतात. पारदर्शकतेसाठी चौथा आकडा लागतो. त्याला अल्फा म्हणतात. अल्फा एक असेल तर पिक्सेल पूर्ण दिसतो, शून्य असेल तर मुळीच दिसत नाही. कॅमेऱ्यातून येणाऱ्या जेपेग फाइलमध्ये हा चौथा आकडा नसतो. त्यामुळे गिंपसारख्या मोफत प्रणालीत अशी फाइल उघडून आकाश निवडले आणि Delete ही कळ दाबली, तर पारदर्शकता न येता त्या जागी पार्श्वभूमीचा रंग, बहुधा पांढरा, भरला जातो. मुळात पांढऱ्या असलेल्या आकाशात हा बदल डोळ्यांना कळतही नाही. म्हणून Layer > Transparency > Add Alpha Channel ही आज्ञा आधी द्यावी. खरी पारदर्शकता आली की त्या जागी करड्या चौकड्या दिसतात.

आता कडेकडे वळू. पानाची कड पिक्सेलच्या चौकटी पाहून संपत नाही. कडेवरच्या पिक्सेलमध्ये थोडे पान आणि थोडे आकाश अशी भेसळ असते. निळ्या रंगाच्या आकड्यांवरून हे स्पष्ट होईल. पानाचा आकडा ४० आणि आकाशाचा २३० आहे असे धरू. अर्धे पान व अर्धे आकाश असलेल्या पिक्सेलचा आकडा १३५ येईल. (साठवलेला आकडा आणि प्रत्यक्ष प्रकाश यांचे प्रमाण सरळ नसते, म्हणून हा हिशेब समजुतीपुरता घ्यावा.)

```
मिश्र = अ × पान + (१ − अ) × आकाश
१३५ = ०.५ × ४० + ०.५ × २३०
```

यातील 'अ' म्हणजेच अल्फा. नव्या आकाशाचा निळा आकडा ६० आहे असे मानू. बरोबर जोडकाम झाले तर या पिक्सेलचा आकडा ४० आणि ६० यांच्या मध्ये, म्हणजे ५० यायला हवा. आपण अल्फा अचूक ०.५ ठेवला, पण पिक्सेलचा रंग मात्र १३५ असाच राहू दिला, तर उत्तर सुमारे ९८ येते. ते पानापेक्षाही उजळ आहे आणि नव्या आकाशापेक्षाही. हीच ती पांढरी झालर. जुने आकाश नजरेआड झाले, तरी पानाच्या रंगात ते मुरलेले राहिले. चार हजार पिक्सेल रुंदीचे चित्र दहा फुटांवर छापले, तर एक पिक्सेल सुमारे पाऊण मिलिमीटरचा होतो. तीन पिक्सेलची झालर दोन मिलिमीटरहून रुंद होईल आणि गडद रंगावर पांढऱ्या दोऱ्यासारखी उठून दिसेल. छपाईचे पैसे गेल्यावर ती दिसली तर उपाय उरत नाही.

तेव्हा दोन कामे वेगवेगळी करावी लागतात : कडेचा अल्फा ठरवणे आणि कडेचा रंग शुद्ध करणे.

अल्फा ठरवण्यासाठी चित्राचा निळा घटक उपयोगी पडतो, कारण आकाश निळ्यात सर्वांत उजळ आणि पाने सर्वांत गडद असतात. एकोणिसाव्या शतकातील काचेच्या प्लेटा मुख्यतः निळ्या प्रकाशालाच प्रतिसाद देत. त्यामुळे त्यांवर आकाश कोरे पांढरे येई, आणि गुस्ताव ल ग्रे या फ्रेंच छायाचित्रकाराने १८५०च्या दशकात समुद्र व ढग दोन वेगळ्या निगेटिव्हवरून एकाच कागदावर छापले. त्याची जी अडचण होती, ती येथे आपली सोय ठरते. Colors > Components > Decompose या आज्ञेने तीन घटक सुटे होतात. त्यातील निळा घ्यावा, Levels मध्ये पानांचा आकडा काळ्याला आणि आकाशाचा पांढऱ्याला जुळवावा, मग Invert करावे. पाने पांढरी, आकाश काळे आणि कडा करड्या, असे चित्र मिळते. मूळ लेयरला लेयर मास्क जोडून हे चित्र त्यात चिकटवावे. मास्कमधील पांढरा भाग दिसतो, काळा लपतो आणि करडा अर्धवट दिसतो. पानांमधल्या बारीक फटीही यात आपोआप सुटतात. हाताने त्या निवडू लागलात तर दिवस पुरणार नाही. शिवाय मास्कमध्ये काहीच पुसले जात नाही, त्यामुळे चूक कधीही दुरुस्त करता येते. Levels फार आवळू नयेत; करडा भाग नाहीसा झाला की कड कात्रीने कापल्यासारखी दिसते.

रंग शुद्ध करण्याची युक्ती साधी आहे. आकार मास्कने धरून ठेवलेला असल्यामुळे मूळ लेयरवर शेंड्यांच्या कडेने पानांचाच गडद हिरवा रंग ब्रशने बाहेर आकाशापर्यंत पसरवला तरी चालतो. बाहेर गेलेला रंग मास्क लपवतो आणि कडेच्या पिक्सेलमधला १३५ हा आकडा ४०च्या जवळ येतो. ब्रश मास्कवर नव्हे, चित्रावर चालतो आहे ना, हे मात्र पाहावे. या ठिकाणी बहुतेकांचा गोंधळ होतो.

आमच्या चित्रात आणखी एक पेच आहे. धबधब्याचा फेसही निळ्या घटकात आकाशाइतकाच उजळ असतो, म्हणून मास्कमध्ये पाण्याला भोके पडतात. ओल्या पानांवर आकाश चमकले असेल तर झाडांतही तसेच होते. झाडांच्या रांगेखालचा सगळा भाग मास्कमध्ये पांढऱ्याने भरून टाकावा, म्हणजे पाणी सुरक्षित राहते. पण जेथे तुषार उसळून थेट आकाशावर आलेले असतात, तेथे पांढऱ्यावर पांढरे असते. त्यांना वेगळे करणारा आकडाच चित्रात नसतो. तेथे मऊ ब्रशने अंदाजाने काम करावे लागते आणि ते क्वचितच पूर्ण पटते. छायाचित्र पुन्हा काढणे शक्य असेल, तर तुषारांमागे झाडे येतील अशी जागा शोधणे हा त्याहून चांगला मार्ग.

तपासणीसाठी पारदर्शक लेयरखाली एक भडक जांभळा आणि मग एक जवळजवळ काळा लेयर ठेवून कडा दुप्पट मोठ्या करून पाहाव्यात. पांढऱ्यावर न दिसलेली झालर काळ्यावर लगेच दिसते. काम मास्कसह .xcf मध्ये जपावे आणि छपाईच्या जोडकामासाठी .png द्यावी; .jpg मध्ये दिल्यास पारदर्शक जागा पुन्हा रंगाने भरली जाते. नवे आकाश निवडताना एवढे ध्यानात असू द्या की ढगाळ दिवशीच्या चित्रात सावल्या नसतात. खडकांवर कोठेही तिरपे ऊन नसताना मागे तळपता मावळता सूर्य ठेवला, तर कडा कितीही स्वच्छ असल्या तरी पाहणाऱ्याला खटकते. त्याऐवजी सूर्य मावळल्यानंतरचे सौम्य, गडद आकाश येथे चांगले बसते.